माणशी एकशेवीस : स्वस्त बसचे विश्वासार्ह घोषवाक्य

मालवणहून दक्षिणेकडे तारकर्ली ओलांडून निघालेला रस्ता देवबागला येऊन संपतो. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांच्या सावलीत वसलेली जमिनीची चिंचोळी पट्टी, असे हे गाव आहे. रस्ता येथून पुढे जात नाही, त्यामुळे देवबागला जाता जाता कोणी डोकावत नाही. तेथे ठरवूनच जावे लागते. कोकण रेल्वेने येणारा प्रवासी कुडाळ स्थानकावर उतरतो आणि तेथून त्याला मालवणमार्गे सुमारे चाळीस किलोमीटर अंतर कापायचे असते. त्याच्यासमोर दोन पर्याय असतात. एसटीने मालवणला जाऊन तेथे गाडी बदलावी, किंवा स्थानकाबाहेर स्वतंत्र रिक्षा अथवा मोटार ठरवावी. पहिल्यात पैसे वाचतात, पण सामान, मुले आणि वृद्ध माणसे बरोबर असली की चढउतार जड जाते. दुसऱ्यात सोय असते, पण चौघांच्या कुटुंबाला तो खर्च खटकतो.

या दोहोंच्या मधली जागा एखादी छोटी, कमी भाड्याची बस भरून काढू शकेल, हे व्यापारी मनाला लगेच दिसते. देवबागमधील निवास-न्याहारीची घरे चालवणाऱ्या काही कुटुंबांनी एकत्र येऊन आपल्या पाहुण्यांसाठी अशी बस ठरवली, असे धरून चालू. भाडे कमी आहे, हेच तिचे बलस्थान. म्हणून जाहिरातीत भाडे पुढे आणायला हवे. आणि येथेच अडचण उभी राहते. कमी भाडे ऐकताच ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा प्रश्न उमटतो: “एवढे कमी कसे? मग काहीतरी कमी असणारच.” भाडे सांगायचे, पण ही शंका उठू द्यायची नाही, हे एका ओळीत कसे साधावे?

‘स्वस्त’ या शब्दाची किंमत

मराठीत कमी किमतीसाठी शब्दांची वाण नाही, पण प्रत्येक शब्द आपल्याबरोबर आपला पूर्वइतिहास घेऊन येतो. ‘स्वस्त’ हा त्यांतला सर्वांत सरळ शब्द. भाजीला तो शोभतो, कारण भाजी आपण हातात घेऊन पाहतो. बसप्रवास मात्र आधी पैसे देऊन मग अनुभवायचा असतो. न पाहिलेल्या वस्तूला ‘स्वस्त’ म्हटले की मन दर्जाविषयी साशंक होते. ‘स्वस्तात मस्त’ म्हटल्याने शंका मिटत नाही. उलट फेरीवाल्याचा सूर लागतो.

‘माफक दरात’ हे शब्द धर्मादाय दवाखाने आणि भोजनालये यांच्या फलकांवर इतके रुळले आहेत की त्यांत उपकाराची छटा येते. ‘रास्त’ हा मुळात न्यायाचा, सुंदर शब्द. परंतु शिधापत्रिकेवरील धान्याच्या दुकानाचे अधिकृत नाव ‘रास्त भाव दुकान’ असल्याने तो ऐकताच रांग आठवते. ‘परवडणारी’ हा शब्द तर वस्तूपेक्षा ग्राहकाबद्दलच अधिक बोलतो. ‘तुमच्या खिशाला एवढेच झेपते’ असा त्याचा अर्थ निघू शकतो, आणि सुटीसाठी निघालेल्या कुटुंबाला ते ऐकायचे नसते. ‘किफायतशीर’ निर्दोष आहे, पण तो अहवालातला शब्द आहे; बसच्या फलकावर तो कोणी मोठ्याने वाचत नाही.

या साऱ्यांतून निघण्याची वाट आपल्या पेढ्यांना आणि दुकानांना पूर्वीपासून ठाऊक आहे. ‘एकच भाव’ अशी पाटी लावणारा दुकानदार आपला भाव कमी आहे असे म्हणत नाही. घासाघीस होणार नाही आणि सर्वांना सारखाच भाव मिळेल, एवढेच तो सांगतो. विशेषण गाळले की आकडा उरतो, आणि आकडा स्वतःहून हलका वाटत नाही. ‘स्वस्त दरात देवबाग’ आणि ‘देवबाग, माणशी एकशेवीस’ या दोन ओळींत कमी-जास्त ठरवण्याचे काम दुसरी ओळ वाचणाऱ्यावर सोपवते. ज्याने स्थानकाबाहेर मोटारीचे भाडे विचारले आहे, त्याला ‘एकशेवीस’ म्हणजे कमी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

एसटीने सवलतीला दिलेली नावे

महाराष्ट्रात कमी भाड्याच्या प्रवासाला नाव देण्याचा सर्वांत मोठा अनुभव राज्य परिवहन महामंडळापाशी आहे. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. तेव्हापासून सामान्य माणसाची गाडी हीच तिची ओळख राहिली. पण तिच्या गाजलेल्या ओळी पाहिल्या तर त्यांत ‘स्वस्त’ हा शब्द सापडत नाही. ‘गाव तेथे एसटी’ ही ओळ पोहोच सांगते. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही ओळ प्रवाशाला एक अधिकार देते.

या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखे नाव ‘आवडेल तेथे प्रवास’ हे आहे. या योजनेत ठरावीक रक्कम भरून चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो आणि त्या मुदतीत एसटीने हवा तितका प्रवास करता येतो. व्यवहाराच्या भाषेत ही घाऊक सवलत झाली. तिला ‘बचत पास’ म्हणता आले असते. पण नाव देणाऱ्याने पैशाऐवजी पैशामुळे मिळणारे स्वातंत्र्य पुढे ठेवले. पास घेणाऱ्याला आपण काटकसर करतो आहोत असे वाटत नाही, आपण भटकंतीला निघालो आहोत असे वाटते.

अलीकडच्या दोन योजनांतही हीच दृष्टी दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या नागरिकांना एसटीत मोफत प्रवास मिळाला, त्या योजनेचे नाव ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ असे ठेवले गेले. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला, तो ‘महिला सन्मान’ या नावाने. निम्मे तिकीट म्हणजे दयेचे तिकीट, असा समज होऊ शकला असता. ‘सन्मान’ या एका शब्दाने तो होऊ दिला नाही.

देवबागच्या बसला या उदाहरणांतून दोन गोष्टी मिळतात. पहिली अशी की भाडे कमी करताना प्रवाशाचा मान कमी होता कामा नये. दुसरी अधिक व्यावहारिक आहे. ज्या रस्त्यावर महिलांना निम्मे आणि पंचाहत्तरीच्या वरच्यांना शून्य भाडे आहे, तेथे खासगी बसने ‘सर्वांत स्वस्त’ म्हणणे हे अनेक प्रवाशांच्या बाबतीत सरळ खोटे ठरेल. या बसची स्पर्धा एसटीशी नाही. थेट दारापर्यंत जाणारी, पण मोटारीइतकी महाग नसलेली बस, एवढीच तिची जागा आहे, आणि घोषवाक्यानेही तेवढ्याच जागेवर उभे राहावे.

शंका नेमकी कोणती?

‘सुरक्षित, खात्रीशीर, आरामदायी’ अशी तीन विशेषणे भाड्याशेजारी जोडली की विश्वास निर्माण होतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात हे शब्द सर्वच गाड्यांवर असतात, म्हणून कोणीही ते वाचत नाही. विश्वास हवा असेल तर प्रवाशाच्या मनातली नेमकी शंका शोधून तिलाच उत्तर द्यावे लागते.

कुडाळ स्थानकावर पहाटे किंवा सकाळी उतरणाऱ्या माणसाला बसच्या आसनांची चिंता नसते. त्याला धास्ती असते ती थांबून राहण्याची. ‘आणखी चार माणसे आली की निघू’ हे वाक्य आपल्याकडे सामायिक वाहनाने जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले आहे. गाडी कमी भाड्याची असली की ती भरल्याशिवाय सुटणार नाही, हे गणित प्रवाशाला अनुभवाने पाठ असते. रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबासाठी तो तासभराचा खोळंबा वाचलेल्या पैशांपेक्षा महाग पडतो.

म्हणून घोषवाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाने याच शंकेला उत्तर द्यायला हवे: बस भरो न भरो, ती सुटेल. केव्हा सुटेल, हेही सांगायला हवे. ‘सकाळी नऊला’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण कोकण रेल्वेच्या मार्गावर घड्याळाची वेळ फलकावर रंगवणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रकच वेगळे असते, आणि एरवीही गाडीला उशीर होऊ शकतो. बस नऊला सुटली आणि रेल्वे साडेनऊला आली, तर वचन पाळूनही प्रवासी मागे राहिला. त्यापेक्षा वचन घड्याळाऐवजी रेल्वेशी बांधावे: रेल्वे आल्यावर वीस मिनिटांत. सामान घेऊन फलाटावरून बाहेर येण्यास, चहा घेण्यास आणि मुलांना सावरण्यास तेवढा वेळ पुरतो. मात्र हे वचन दिवसातील एखाद-दुसऱ्या गाडीपुरतेच द्यावे. प्रत्येक गाडीची वाट पाहणारी बस शेवटी कोणाचीच राहत नाही.

वचनाचा हिशेब

‘भरो न भरो’ हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत, पण त्यांचे पैसे कोणीतरी भरावे लागतात. कोणते भाडे हे शब्द पेलू शकते, ते वहीवर मांडून पाहावे. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे ठेवावेत.

समजा, बस वीस आसनांची आहे आणि डिझेल, चालक, विमा, देखभाल व हप्ता धरून एका फेरीचा खर्च पंधराशे रुपये येतो. भाडे ऐंशी रुपये ठेवले, तर खर्च निघण्यासाठी एकोणीस प्रवासी लागतात. म्हणजे जवळजवळ पूर्ण गाडी. अशा भाड्यावर बस चालवणारा माणूस कितीही सज्जन असला तरी तो प्रवाशांची वाट पाहणारच, कारण त्याच्यापाशी दुसरा उपाय नाही. स्वस्त सेवा बेभरवशाची असते, हा समज निव्वळ पूर्वग्रह नव्हे, हे येथे दिसते. भाडे एका मर्यादेखाली गेले की बेभरवसा त्या भाड्यातच दडलेला असतो, आणि कोणतेही घोषवाक्य तो झाकू शकत नाही.

शंभर रुपये भाड्यावर पंधरा प्रवासी लागतात. शंभराची एक नोट, सुट्ट्यांचा प्रश्न नाही, आकडा तोंडात बसणारा. म्हणून हे भाडे मोहक वाटते. पण एखाद्या दिवशी सहाच प्रवासी आले तर सहाशे जमतात आणि नऊशेचा तोटा होतो. पूर्ण भरलेल्या फेरीत पाचशे सुटतात, म्हणजे एका रिकाम्या दिवसाची भरपाई करायला दोन पूर्ण फेऱ्या लागतात. देवबागचा हंगाम दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याभोवती फिरतो. मधल्या आठवड्यांत रिकामे दिवस बरेच असतात.

एकशेवीस रुपयांवर हे चित्र बदलते. तेरा प्रवाशांत खर्च निघतो. सहा प्रवाशांच्या दिवशी सातशे ऐंशीचा तोटा होतो, पण पूर्ण फेरीत नऊशे सुटतात, म्हणजे एक भरलेली फेरी एका रिकाम्या फेरीला सावरते. प्रवाशाला वीस रुपये अधिक पडले, पण त्या वीस रुपयांत त्याने वेळेची हमी विकत घेतली. या हिशेबात ‘भरो न भरो’ म्हणता येईल असे सर्वांत कमी भाडे एकशेवीस आहे, म्हणून घोषवाक्यात तेच यावे.

नव्व्याण्णव रुपयांचा विचार करणाऱ्यांसाठी एक बाब. शंभरावर पंधरा प्रवाशांत खर्च निघतो, नव्व्याण्णववर सोळा लागतात. एका रुपयासाठी एक प्रवासी जास्त शोधायचा आणि वर ‘सेल’चा सूरही पत्करायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे.

‘पासून’ हा छोटा शब्द

ब्रिटनमध्ये २००३ साली स्टेजकोच या कंपनीने मेगाबस ही सेवा सुरू केली आणि ‘एक पौंडापासून’ हे भाडे तिची ओळख बनले. फेरीतली थोडी आसने त्या भाड्यात मिळत आणि मागणी वाढेल तसे पुढचे भाडे वाढत जाई. आधी नोंदणी करणाऱ्या प्रवाशांच्या मोठ्या बाजारपेठेत ही पद्धत चालली. देवबागच्या वीस आसनांच्या बसने तिचे अनुकरण करू नये. ‘साठ रुपयांपासून’ असे लिहिले आणि विचारणा करणाऱ्या दहापैकी नऊ जणांना एकशेचाळीस सांगितले, तर ओळीतला प्रत्येक शब्द खरा असूनही ऐकणाऱ्याला ती फसवणूकच वाटते.

कायदाही याकडे लक्ष ठेवून आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सांगितलेल्या किमतीला सेवा देण्याची वाजवी शक्यता नसताना त्या किमतीचे आमिष दाखवणारी जाहिरात करता येत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या तत्त्वांत आणखी एक युक्ती अनुचित ठरवली आहे: आधी लहान किंमत दाखवायची आणि पैसे देण्याच्या वेळी सामान, नोंदणी, सेवा अशा नावांनी ती थेंबाथेंबाने वाढवायची. म्हणून घोषवाक्यातील एकशेवीस हे सामानासह, शेवटच्या दारापर्यंतचे एकशेवीस असावे. गणपतीत आणि नाताळातही ते तेवढेच राहावे. महाराष्ट्र शासनाच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने खासगी कंत्राटी बसचे भाडे तशाच एसटी सेवेच्या दीडपटीपर्यंत मर्यादित केले आहे. आपले भाडे त्या मर्यादेत बसते का, हे फलक रंगवण्यापूर्वी तपासावे.

परवान्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. मोटार वाहन कायद्यात टप्प्याटप्प्याने प्रवासी घेणारी बस आणि संपूर्ण गाडी एका करारावर नेणारी बस यांचे परवाने वेगळे आहेत. करारावरच्या बसने वाटेत कोणालाही चढवायचे नसते. त्यामुळे एसटीच्या धर्तीवर ‘कुठेही चढा, कुठेही उतरा’ अशी ओळ खासगी चालकाने लिहिली, तर तो आपल्या परवान्याविरुद्धचा पुरावा आपल्याच हाताने गाडीवर लावतो. बस कोणाच्या नावाने ठरवायची, पाहुण्यांची यादी कशी ठेवायची आणि माणशी रक्कम घेता येईल का, हे परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे. परवाना जेवढे करू देतो, तेवढेच घोषवाक्याने बोलावे.

ओळ तयार होते

आता सर्व धागे एकत्र आणता येतात. विशेषण नको, ‘पासून’ नको, घड्याळाची वेळ नको, ‘सर्वांत’ नको. कोठून कोठे, किती पैसे आणि शंकेचे उत्तर एवढेच उरते:

‘कुडाळ स्टेशन ते देवबाग, माणशी एकशेवीस.
बस भरो न भरो, रेल्वे आल्यावर वीस मिनिटांत सुटणार.’

या ओळींत यमक नाही, पण ‘एकशेवीस’ आणि ‘वीस मिनिटांत’ यांचा आवाज एकमेकांना उत्तर देतो आणि दोन्ही आकडे एकत्र लक्षात राहतात. ‘माणशी’ हा शब्दही मुद्दाम ठेवलेला आहे. त्याने भाडे गाडीचे की माणसाचे, हा स्थानकाबाहेरचा नेहमीचा वाद सुरू होण्याआधीच मिटतो. ‘सुटेल’ऐवजी ‘सुटणार’ म्हटल्याने शक्यतेचे वचन होते.

ओळ साधली की नाही, हे जाहिरातीवर खर्च करण्याआधी कळू शकते. देवबागला कधी न गेलेल्या आठ-दहा परिचितांना ती वाचून दाखवावी, आणि ‘कशी वाटली?’ असे न विचारता त्यांच्या तोंडून आधी कोणता प्रश्न येतो ते लिहून ठेवावे. ‘सामानाचे वेगळे का?’ असे कोणी विचारले, तर भाडे अजून पूर्ण सांगितले गेलेले नाही. ‘सामानासह’ हा शब्द जोडावा. ‘नक्की सुटते ना?’ असा प्रश्न आला, तर दुसरी ओळ कमी पडते आहे. पण ‘जागा कशी राखायची?’ हा पहिला प्रश्न असेल, तर भाडेही पटले आहे आणि शंकाही उरलेली नाही.

यानंतरची परीक्षा कागदावर होत नाही. आठवड्याच्या मधल्या एखाद्या पावसाळी सकाळी दोनच पाहुणे उतरतील, आणि वीस मिनिटे संपताना अठरा आसने रिकामी दिसतील. त्या फेरीत बाराशे साठ रुपयांचा तोटा आहे, हे चालकालाही कळते आणि मालकालाही. त्या सकाळी बस सुटली, तर ते दोन पाहुणे आपल्या गावी जाऊन ही ओळ स्वतःच्या शब्दांत सांगतील. ती थांबून राहिली, तर मात्र फलकावरील एकशेवीस हा आकडा त्या दिवसापासून नुसताच स्वस्त ठरेल.